‘सोनियाला पहिल्यांदा आई ऐकू येईल’

मथळे सुचणं हे फिरदोसचं जुनं अंग. साताऱ्यातल्या एका दैनिकाच्या पुरवणीत तिनं काही वर्षं काढली होती, आणि कोमट बातमीलासुद्धा ती असा मथळा लावायची की माणूस चहाचा कप खाली ठेवून वाचायला लागायचा. पुरवणी बंद पडली तेव्हा ‘कानोसा’त आली. कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांसाठी काम करणारी ही छोटी संस्था. ऑफिस पोवई नाक्याजवळ, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दोन खोल्यांत. सचिव इंद्रजितराव, सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. मुलांची तपासणी करून त्यांना बोलायला शिकवणारी अंकिता. आणि देणग्यांची मोहीम, वेबसाइट, फोटो, पत्रव्यवहार हे सगळं पाहणारी फिरदोस.

त्या वर्षी कवठे महांकाळच्या बाजूला तपासणी झाली आणि चौदा मुलं निघाली. चौदांनाही यंत्रं लागणार होती. फिरदोसनं देणग्या गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावर पान तयार केलं. मथळा अंकितानं सांगितला तसाच ठेवला: ‘कवठे महांकाळ तालुक्यातील चौदा मुलांसाठी श्रवणयंत्रे व दोन वर्षांचे वाणी-उपचार.’ खाली माहितीही सगळी खरी. यंत्राच्या जोडीला किती खर्च येतो, कानातले साचे मूल वाढेल तसे का बदलावे लागतात, आणि यंत्र लावल्यावर पुढं काय काय करावं लागतं.

पान कुणी उघडलंच नाही. पाठवलं बऱ्याच जणांना, पण मोबाइलवर दिसतो तो फोटो, मथळा आणि त्याखालची एखादी ओळ. ‘श्रवणयंत्रे व दोन...’ इथं ती ओळ तुटायची. पुढचं खरं कुणापर्यंत पोचतच नव्हतं.

“सरकारी परिपत्रक वाटतंय हे,” इंद्रजितराव म्हणाले. “तुम्ही पेपरात होता ना? मग तसं लिहा की.”

फिरदोसलाही ते हवंच होतं. तपासणीच्या दिवशी काढलेले फोटो ती पुन्हा पाहायला लागली. त्यात सोनिया होती. चार वर्षांची, दोन वेण्या, कपाळावर मोठी टिकली, कॅमेऱ्याकडे न बघता आईच्या तोंडाकडे टक लावून बघणारी. आई अक्काताई काहीतरी बोलत होती आणि पोरगी तिचे ओठ बघत होती. तो फोटो पाहिला आणि मथळा आपोआप आला: ‘सोनियाला पहिल्यांदा आई ऐकू येईल. फक्त पाच हजारांत.’

अंकितानं वाचलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“फिरदोसताई, यात तीन गोष्टी खोट्या आहेत.”

“तीन?”

“एक, पहिल्यांदा नाही. तिला मोठे आवाज थोडे ऐकू येतात. बाप धनगरी गजनृत्यात ढोल वाजवतो, तेव्हा ती वळून बघते. दोन, पाच हजारांत यंत्रं येत नाहीत. पाच हजारांत साचे आणि वर्षभराचे सेल येतात. आणि तिसरं मोठं. तिला आवाज ऐकू येईल, आई नाही. तो आवाज म्हणजे आई, हे तिच्या मेंदूला शिकायचंय. चार वर्षांची झालीये ती. रोज बसावं लागेल तिच्यासोबत. वर्षभर, दोन वर्षं.”

“ते सगळं खाली लिहिलंय की मी.”

“खाली कोण वाचतंय, हे तुम्हीच सांगितलंत मला.”

फिरदोस हसली, पण तिला ते लागलं. तिनं दुसरा मथळा करून बघितला: ‘सोनियाला आवाज मिळेल. तो ओळखायला शिकवू, सोबत याल?’ अंकिताला हा आवडला. इंद्रजितरावांनी दोन्ही वाचून मान डोलावली आणि म्हणाले, “तुमचं क्षेत्र. तुम्ही ठरवा.”

मग फिरदोसनं तेच केलं जे अशा वेळी करतात. जुन्या देणगीदारांचे दोन गट पाडले. फोटो तोच, वेळ तीच, फक्त मथळा वेगळा. एका गटाला एक, दुसऱ्याला दुसरा. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. आवाज ओळखण्याच्या मथळ्यावर लोक येत होते, पहिल्या रटाळ मथळ्यापेक्षा पुष्कळ जास्त. पण ‘पहिल्यांदा आई’वाल्यावर त्याच्या तिप्पट येत होते.

इथंच ती थांबली असती तर. दुसरा मथळाही चालत होता, जरा हळू चालत होता इतकंच. पण चौदा मुलं होती, दिवाळीचा हंगाम होता, लोकांचा हात याच दिवसांत सैल असतो हे तिला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर तिप्पट या आकड्याची तिला नशा चढली होती. तिनं ‘पहिल्यांदा आई’ चढवला. ‘पाच हजारांत’च्या जागी ‘पाच हजारांपासून’ केलं आणि स्वतःची समजूत घातली. वाणी-उपचारांचा परिच्छेद वाचणाऱ्याचा वेग मोडतो म्हणून तोही काढला.

पैसे आले. पुण्याहून, मुंबईहून, दुबईला असलेल्या सातारकरांकडून आले. कोरेगावच्या तिच्या मावशीनं ती लिंक आपल्या सगळ्या मैत्रिणींना पाठवली. पंधरवड्यात चौदाही मुलांच्या यंत्रांची सोय झाली. इंद्रजितरावांनी कंदी पेढे आणले. अंकितानंही पेढा घेतला आणि चौदा मुलांच्या तपासणीचे कागद लावत बसली.

यंत्रं बसवायचा कार्यक्रम कवठे महांकाळमध्ये एका मंगल कार्यालयात झाला. फिरदोस कॅमेरा घेऊन गेली होती, कारण देणगीदार विचारत होते, ‘तो क्षण’ कधी दाखवणार?

सोनियाला घेऊन आई-बाप दोघंही आले होते. बाप धुळा द्राक्षबागांच्या छाटणीची कामं घ्यायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. त्यानं फिरदोसला पाहताच खिशातून मोबाइल काढला.

“म्याडम, ह्यो बघा. आमच्या सोनीचा फोटू. सगळ्या गावात फिरला. मी हिला वाचून दावलं काय लिवलंय त्ये.”

अक्काताई पदर सावरत हसली. “लय चांगलं लिवलंय, ताई. मी रातभर झोपली न्हाई बघा.”

फोटो वापरायची परवानगी फिरदोसनं रीतसर घेतली होती. पण फोटोखाली काय लिहिणार, हे या बाईला आधी कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. ते तिला गावातून फिरत आलेल्या निरोपातून कळलं होतं, आणि तिनं ते खरं मानलं होतं. छापलेलं होतं ना.

अंकितानं साचे कानात बसवले, आवाज अगदी हळू ठेवून यंत्र सुरू केलं. सोनिया दचकली. डोळे मोठे झाले. मग तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागली. हॉलमधला पंखा, खुर्च्या सरकवण्याचे आवाज, लोकांचा गलबला, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं होतं.

“सोने, ए सोने! आई म्हण. आई!” अक्काताई तिच्यासमोर बसून म्हणत होती. “हितं बघ. मी बोलतीया. आई!”

सोनिया तिच्याकडे न बघता कानातलं ओढून काढायला बघत होती.

“असंच होतं सुरुवातीला,” अंकिता शांतपणे म्हणाली. “तिला हे आवाज नवीन आहेत. रोज थोडा थोडा वेळ घालायचं. मी दर आठवड्याला येईन, शिकवीन तुम्हाला काय करायचं ते.”

“व्हय, व्हय,” धुळा म्हणाला. पण त्याची नजर फिरदोसच्या कॅमेऱ्यावर होती, जणू काही चूक त्यांच्याकडूनच होत होती.

शेवटी अक्काताईनं पोरीच्या खांद्याला हात लावला, हाक मारली, आणि सोनियानं मान वळवून आईकडे बघितलं. ती हातामुळे वळली होती. फिरदोसनं हात दिसणार नाही असा तुकडा कापला, खाली लिहिलं, ‘आईची पहिली हाक’, आणि पानावर टाकला. हजारो लोकांनी तो पाहिला. डोळे भरून आल्याच्या प्रतिक्रिया आल्या. त्या वाचताना तिचेही डोळे भरले, हे विशेष.

त्यानंतर खरी अडचण सुरू झाली. अंकितानं दर आठवड्याला कवठे महांकाळला जायचं, तिथं एक खोली घ्यायची, मदतीला एक शिक्षिका ठेवायची, याला पैसा लागणार होता. फिरदोस इंद्रजितरावांकडे गेली तेव्हा ते हिशेब उघडून बसले होते.

“मोहिमेतनं थोडे शिल्लक आहेत, पण ते यंत्रांसाठी म्हणून घेतलेत. पानावर उपचारांचा शब्द नाही. लोकांनी ज्यासाठी दिले त्यावरच खर्च करायचे. साचे, सेल, दुरुस्ती यातच ते जातील.”

“मी दुसरी मोहीम काढते.”

तिनं काढली. या वेळी उपचारांचं सगळं नीट लिहिलं. पण पहिल्या मोहिमेत पैसे दिलेल्या माणसांना ते पान पोचलं आणि उत्तरं येऊ लागली. अगदी सभ्य, आपुलकीची उत्तरं. ‘सोनियाचा व्हिडिओ पाहिला. आता ऐकू येतंय ना तिला? देव तिचं भलं करो. या वर्षी दुसऱ्या एखाद्या संस्थेला मदत करावी म्हणतो.’ पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं तर फोनच केला. “अहो, काम झालं ना? मग हे पुन्हा कशासाठी?”

 काम झालं हे फिरदोसनंच तर सांगितलं होतं. तिच्याच मथळ्यानं तिच्या पुढच्या मथळ्याचं तोंड बंद केलं होतं.

जेमतेम पैसे जमले. अंकिताची आठवड्याची फेरी महिन्यावर आली. चौदातली काही मुलं जवळ राहत होती, घरचे हुशार होते, ती पुढं गेली. काही रेंगाळली. आणि एका उन्हाळ्यात अंकिता परत आल्यावर म्हणाली, “सोनिया येतच नाहीये. पाच-सहा महिने झाले. फोन केला तर बाप म्हणतो, बागेचं काम आहे.”

“मी येते तुझ्याबरोबर,” फिरदोस म्हणाली.

दोघी एसटीनं सांगलीपर्यंत गेल्या, तिथून दुसऱ्या गाडीनं.  गावाबाहेर पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढं शेळ्या बांधलेल्या. सोनिया अंगणात एकटीच चिंचोके मांडत बसली होती. कान मोकळे होते. अंकितानं मागून टाळी वाजवली. ती वळली नाही.

धुळानं खाट टाकली, पाणी आणलं. अंकितानं यंत्राची चौकशी केली तशी त्यानं कपाटावरचा बिस्किटाचा डबा काढला. आत यंत्रं कापसात गुंडाळून ठेवलेली. साचे आता तिच्या कानाला लहान झाले होते, सेल कधीच संपले होते.

“का काढलं, धुळाभाऊ?” अंकितानं विचारलं.

“चालंना म्हणून.” तो जमिनीकडं बघत बोलत होता. “आवं म्याडम, तुमीच लिवलं हुतं, तिला आई ऐकू यील. गावात जो भेटंल त्यो इचारायचा, आता बोलती का रं पोरगी? एवढा पैका आला म्हनं तुमास्नी. काय सांगू? पैका आमच्या हातात आला न्हाई ह्येबी कुनाला पटंना. कार्याला गेलं तरी त्येच. मग सोडलं जायचं.”

“पण मी सांगितलं होतं ना, वेळ लागतो.”

“तुमी सांगितलं. पर लिवलेलं येगळं हुतं.”

अंकितानं डब्यातला साचा उचलून उजेडाकडं धरला. फिरदोसला वाटलं, आता आपण बोलायला हवं. पण त्याआधी चुलीपाशी बसलेली अक्काताई उठून दारात आली.

“मला वाटलं, माजंच कायतरी चुकतंय.”

“तुमचं काय चुकणार?” फिरदोस म्हणाली.

“तसं न्हवं, ताई. तुमी त्यो व्हिडिओ टाकला न्हवं का, त्यात ती माज्या हाकंला वळली. मी लय येळा बघितला. मग म्हनलं, तितं वळली तर घरात का वळत न्हाई? दुसऱ्यांच्या पोरांनी आईला वळखलं. माज्या आवाजात काय खोट हाय का? का तिला मीच नगं हाय?” ती हे रडत सांगत नव्हती. बऱ्याच दिवसांपूर्वी रडून झाल्यासारखी सांगत होती. “मग मी हाक मारायचीच बंद केली. हात लावून उठवती, हात लावून जेवाय घालती.”

फिरदोसला खाटेवर बसवेना. ती उठून अक्काताईजवळ उंबऱ्यापाशी बसली.

“अक्काताई, त्या व्हिडिओत तुम्ही तिच्या खांद्याला हात लावला होता. म्हणून वळली ती. मी तो हात कापून टाकला. आणि पहिल्याच दिवशी आई ऐकू येईल, हे मी मनानं लिहिलं होतं. या अंकितानं मला तेव्हाच सांगितलं होतं, असं होत नसतं. तुमच्या आवाजात काही खोट नाही. खोट मी लिहिलं त्यात होती.”

अक्काताईनं पदराला हात पुसले. रागावेल असं फिरदोसला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

“मग त्ये आदी सांगायचं की वं,” ती एवढंच म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

साताऱ्याला आल्यावर फिरदोसनं जुनं पान उघडलं. मथळा बदलला, व्हिडिओ काढला, आणि त्या जागी काय खोटं होतं आणि खरं काय आहे ते सरळ लिहिलं. पैसे दिलेल्या प्रत्येकाला तेच पत्र पाठवलं. इंद्रजितराव आधी बिचकले. “संस्थेचं नाव जाईल,” म्हणाले. मग पत्र पुन्हा एकदा वाचून म्हणाले, “पाठवा. माझी सही घाला.” काही लोक तुटले. एकानं पैसे परत मागितले, ते दिले. प्राध्यापिकाबाईंनी मात्र फोन करून अंकिताशी तासभर बोलून घेतलं, आणि शेवटी म्हणाल्या, दर महिन्याला थोडे पाठवीन.

नवीन मोहिमेचा मजकूर छापण्याआधी फिरदोस तो घेऊन पुन्हा कवठे महांकाळला गेली. सोनियाला नवे साचे बसवले होते. अक्काताईला सगळं शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. मथळ्याशी फिरदोस अडली होती. ‘सोनियाचा शब्दांपर्यंतचा प्रवास’ असं काहीतरी लिहिलं होतं.

“परवास कसला?” अक्काताई म्हणाली. “आवाज पोचलाय, शबुद शिकवाय बाई पायजे. आसं लिवा.”

फिरदोसनं तसंच लिहिलं: ‘सोनियाच्या कानात आवाज पोचलाय. शब्द शिकवायला बाई हवी.’ मोबाइलच्या छोट्या चौकटीत तो पुरा मावत होता. खाली पहिल्याच ओळीत, जी दिसते तिच्यात, लिहिलं: ‘दोन वर्षं लागतील, आणि सगळी मुलं सारखी बोलू लागतीलच असं नाही.’ मग कशाला किती लागतं ते. पाच हजारांत काय येतं, काय येत नाही. लोकांनी पान उघडलं. ‘पहिल्यांदा आई’इतकं नाही, पण रटाळ मथळ्याच्या कितीतरी पट. आणि जे आले ते शेवटपर्यंत वाचत राहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी दर महिन्याची देणगी लावली. अंकिताची फेरी पुन्हा आठवड्याची झाली, कवठे महांकाळला शिक्षिका आली.

म्हणजे जमलं असतं. आधीही जमलं असतं. फिरदोसला हेच सर्वांत जास्त खुपायचं. खरं सांगून लोक येतच नाहीत असं असतं तर तिला स्वतःला माफ करता आलं असतं.

एकदा तिनं अंकिताला विचारलंच. “ते दीड वर्ष गेलं नसतं, तर सोनिया आज बोलत असती का?”

अंकिता साच्याची कड घासत होती.  “सांगता येत नाही, ताई. तिचं ऐकणं मुळात फार कमी आहे. पण आज आहे त्यापेक्षा पुढं असती. या वयातला वेळ परत मिळत नाही.”

सोनिया आता यंत्र घालते. आवाज आला की वळते, कुणाचा ते ओळखायला वेळ लागतो. जूनमध्ये तिला मिरजेच्या बाजूला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथं हाताची भाषा शिकवतात, बोलणंही शिकवतात. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात अक्काताईचा फोन आला. मागं मुलांचा कालवा ऐकू येत होता.

“ताई, सोनीला सोडाय आली हुती. रडली न्हाई. लय पोरं हायेत हितं, तिच्यासारकी.”

“बरं झालं. जेवते का नीट?”

“जेवती.” मग ती थोडं थांबली. “ताई, हितं एक बारकं पोरगं हाय. आमच्या सोनीपरास ल्हान. त्येलाबी मशिन हाय तसंच. त्ये आईला आई म्हनतंय वं.”

 ऑफिसात इंद्रजितराव कुणाशी तरी फोनवर बोलत होते, खाली दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. फिरदोसनं मोबाइल कानाला घट्ट लावला.

“हाय का ताई लाइनीवर?”

“आहे,” ती म्हणाली. “ऐकतेय मी. बोला.”